सीटीसी १८ लाखांची ऑफर घ्यावी की १६.५ लाखांची?

प्रश्न: वय ३१, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ८ वर्षांचा अनुभव. दोन ऑफर हातात आहेत. हिंजवडीची: सीटीसी १८ लाख, त्यात व्हेरिएबल साडेतीन लाख, बेसिक महिना ५५ हजार, कंपनीचा पीएफ ७९,२००, ग्रॅच्युइटी ३१,७४६, विमा हप्ता ९,०५४. शिवाय जॉइनिंग बोनस १ लाख. खराडीची: सीटीसी १६.५ लाख, व्हेरिएबल ७५ हजार, कंपनीचा पीएफ २१,६००; ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीच्या बाहेर, विम्यात आईवडील धरलेले. वडिलांना मधुमेह आहे. जानेवारीत रुजू व्हायचं आहे. दीड लाख सोडून खराडी घेणं चुकीचं ठरेल का?

उत्तर:

मी गेली बरीच वर्षं पगाररचनेच्या कामात आहे. ज्या ऑफर लेटरवर लोक सही करतात, त्याच्या मागचं जोडपत्र बनवणं हे माझं रोजचं काम. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मी खराडीच्या बाजूला झुकते. हिंजवडीच्या कंपनीने काही गोष्टी लेखी दिल्या तर माझं मत बदलेल. त्या कोणत्या, ते पुढे येईलच. पण आधी तो दीड लाखाचा फरक खरा किती आहे ते बघू.

सीटीसी म्हणजे तुमच्यामुळे कंपनीला पडणारा खर्च. त्यात काय मोजायचं आणि काय नाही, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे सीटीसी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तुमच्याच बाबतीत बघा. हिंजवडीने ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता १८ लाखांत धरलाय. खराडीची कंपनी या दोन्ही गोष्टी देणारच आहे, फक्त तिने त्या आकड्यात मिळवलेल्या नाहीत. ग्रॅच्युइटीचा हिशोब कायद्यानेच ठरलेला आहे: दर वर्षाच्या नोकरीमागे शेवटच्या वेतनाचे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून. वर्षाच्या बेसिकच्या ४.८१ टक्के हा जो आकडा सगळ्या ऑफर लेटरमध्ये दिसतो तो इथूनच येतो. कायम नोकरीत ही रक्कम साधारणपणे ५ वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात पडते. तुमच्या क्षेत्रात तीन-चार वर्षांनी नोकरी बदलणारे कितीतरी, त्यामुळे तुलना करताना मी ग्रॅच्युइटी दोन्हीकडे शून्य धरते. पाच वर्षं टिकलात तर दोन्हीकडे मिळेल.

हे दोन घटक काढले की हिंजवडीकडे उरतात तीन गोष्टी: महिन्याला वाटून येणारा पगार वर्षाला १३ लाख ३० हजार, कंपनीचा पीएफ ७९,२०० आणि व्हेरिएबल साडेतीन लाख. खराडीकडे पगार १५ लाख ५३ हजार ४००, पीएफ २१,६०० आणि व्हेरिएबल ७५ हजार. म्हणजे व्हेरिएबल पूर्णच्या पूर्ण मिळालं तरी हिंजवडी दीड लाखाने नाही, १ लाख ९ हजारांनी पुढे आहे. आणि व्हेरिएबल बाजूला ठेवलं तर खराडी वर्षाला सुमारे १ लाख ६६ हजारांनी पुढे आहे. तुमचा निर्णय या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

महिन्याचा हातात येणारा पगारही काढून ठेवा, कारण घरभाडं आणि हप्ते त्यातूनच जातात. नवी करप्रणाली आणि २०२५-२६ चे स्लॅब धरले, व्हेरिएबल सोडून पूर्ण वर्षाचा पगार धरला, आणि पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस वजा केला, तर हिंजवडीला महिन्याला सुमारे ९९ हजार हातात येतील आणि खराडीला सुमारे १ लाख १८ हजार ६००. १९ हजारांवरचा हा फरक दर महिन्याचा आहे. त्यातले ४,८०० रुपये मात्र तुमचेच, फक्त वेगळ्या खिशातले: हिंजवडीत पूर्ण बेसिकवर १२ टक्के म्हणजे ६,६०० पीएफ कापला जाईल, खराडीत १५ हजारांच्या मर्यादेवर १,८००. गृहकर्ज किंवा मोठी वजावट असेल आणि जुनी करप्रणाली घेणार असाल, तर हा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

पीएफची बाजू हिंजवडीच्या पारड्यात प्रामाणिकपणे घाला. कंपनीचे ७९ हजार दर वर्षी तुमच्या नावावर करमुक्त जमा होतात (तुम्ही पेन्शन योजनेचे सभासद असाल तर त्यातले महिन्याला १,२५० तिकडे जातात), आणि २०२४-२५ साठी पीएफवर व्याज ८.२५ टक्के होतं. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही त्यांना ही सक्तीची बचत फार उपयोगी पडते. खराडीच्या एचआरला विचारा, की पीएफ पूर्ण बेसिकवर घ्यायचा पर्याय आहे का, किंवा स्वतःहून जास्तीचा पीएफ कापून घेता येतो का. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी जमते.

आता व्हेरिएबलकडे येऊ, खरा प्रश्न तिथेच आहे. दोन्ही कंपन्यांनी सारख्याच टक्क्याने व्हेरिएबल दिलं असं समजा. मग किती टक्के दिलं की दोन्ही ऑफर बरोबरीत येतात? हिंजवडीला व्हेरिएबल पावणेतीन लाखांनी जास्त आहे आणि तिला १ लाख ६६ हजारांची तूट भरून काढायची आहे. भागाकार केला की उत्तर येतं ६० टक्के. कर धरला तर हा आकडा तीन-चार अंकांनी खाली येतो, कारण कंपनीच्या पीएफवर कर नाही. म्हणजे दर वर्षी ६० टक्क्यांच्या वर मिळालं तर हिंजवडी पुढे, खाली गेलं तर खराडी. नुसतं एवढंच असतं तर मी हिंजवडी घ्या म्हटलं असतं.

पण ६० टक्के हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण व्हेरिएबल बहुतेक ठिकाणी गुणाकाराने निघतं. एक आकडा कंपनीच्या किंवा तुमच्या युनिटच्या कामगिरीचा, दुसरा तुमच्या रेटिंगचा. कंपनीचा ८० टक्के आणि तुमचा ९० टक्के असेल तर मिळतात ७२ टक्के. तुमचं काम उत्तम असूनही युनिटचा मोठा ग्राहक गेला तर तुमचा आकडा खाली येतो, आणि त्यावर तुमचा काहीच ताबा नसतो. काही धोरणांमध्ये उंबरठाही असतो: कंपनीचं उद्दिष्ट ठरावीक टक्क्यांच्या खाली राहिलं तर काहीच नाही. मोठ्या कंपन्यांतही हे घडतं. २०२२ च्या एप्रिल ते जून या तिमाहीसाठी इन्फोसिसने सरासरी ७० टक्के व्हेरिएबल दिल्याच्या आणि विप्रोने मधल्या-वरच्या स्तराचं व्हेरिएबल रोखल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या.

दुसरी अडचण वेळेची, आणि तुमच्या बाबतीत ती पहिल्या अडचणीपेक्षा मोठी आहे. तुम्ही जानेवारीत रुजू होणार. कामगिरीचं वर्ष बहुतेक ठिकाणी एप्रिल ते मार्च असतं आणि पैसे जून-जुलैच्या पगारात येतात. म्हणजे पहिल्या जुलैत तुम्हाला फार तर तीन महिन्यांचं, ८७,५०० रुपयांपर्यंतचं व्हेरिएबल मिळेल. कित्येक धोरणांमध्ये तर १ जानेवारीनंतर किंवा १ ऑक्टोबरनंतर रुजू झालेल्यांना त्या वर्षी काहीच मिळत नाही. पूर्ण वर्षाचं पहिलं व्हेरिएबल येईल ते रुजू झाल्यापासून दीड वर्षाने.

त्यात तिसरं कलम मिसळतं: ज्या दिवशी पैसे वाटले जातात त्या दिवशी तुम्ही नोकरीत असायला हवं आणि राजीनामा दिलेला नसावा. एप्रिल ते मार्च पूर्ण राबलात, मे महिन्यात राजीनामा दिलात, तर जुलैचं व्हेरिएबल बहुतेक गेलं. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर हा सापळा आणखी घट्ट होतो, कारण बाहेर चांगली संधी आली तरी जुलैच्या आधी हलता येत नाही. आमच्या कामात हे दर वर्षी दिसतं. जुलैचा पगार जमा झाला की ऑगस्टमध्ये राजीनाम्यांची रांग लागते.

हे सगळं धरून पहिल्या दोन वर्षांचा हिशोब मांडू. हिंजवडीच्या बाजूने १ लाखाचा जॉइनिंग बोनस पूर्ण मोजू, आणि पहिल्या अपुऱ्या वर्षाचं व्हेरिएबल दोन्हीकडे मिळत नाही असं धरू. चोवीस महिन्यांत पगार, पीएफ आणि बोनस मिळून हिंजवडी २९ लाख १८ हजार देते, खराडी साडेएकतीस लाख. फरक सव्वादोन लाखांच्या थोडा वर. या काळात दोन्हीकडे पूर्ण वर्षाचं एकच व्हेरिएबल हातात पडतं. ते शंभर टक्के पडलं तरी हिंजवडी दोन वर्षांत मिळून फक्त ४३ हजारांनी पुढे जाते, आणि ८४ टक्क्यांच्या खाली गेलं तर मागे पडते. कागदावर वर्षाला दीड लाख दिसणाऱ्या फरकाचं हे झालं.

जॉइनिंग बोनसबद्दल एक सांगते, कारण लोक तो पगाराचाच भाग समजून खर्च करतात. त्याला परतफेडीची अट असते, सहसा १२ ते २४ महिन्यांची. तुम्हाला मिळताना त्यावर कर कापला जातो, तुमच्या स्लॅबमध्ये १ लाखाचे हातात साधारण ८४ हजार येतात. मुदतीआधी सोडलंत तर पत्राच्या भाषेप्रमाणे बहुधा पूर्ण १ लाख मागतात. भरलेला कर मग परतावा मागून सोडवत बसावं लागतं आणि ते सरळ होत नाही. लेटरमध्ये दोन गोष्टी वाचा: परतफेड पूर्ण रकमेची आहे की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच काढलं तरी ती लागू होते का.

विम्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. तुमच्या घरी मात्र तो निर्णय फिरवू शकतो. वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी आता स्वतंत्र पॉलिसी घेतलीत तर आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो, हप्ता चढा येऊ शकतो, आणि विमा कंपनी पॉलिसी नाकारूही शकते. नोकरीच्या गट विम्यात आधीचे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. बाजारात हे तुम्हाला सहज विकत मिळणार नाही. आज संध्याकाळी दोन-तीन विमा कंपन्यांकडून आईवडिलांच्या ५ लाखांच्या पॉलिसीचं कोटेशन काढा आणि तो आकडा खराडीच्या बाजूला लिहा. समजा तो वर्षाला ४० हजार निघाला. मग मघाचा बरोबरीचा टक्का ६० वरून ७५ वर जातो, आणि दोन वर्षांच्या हिशोबात पूर्ण व्हेरिएबल मिळूनही हिंजवडी पुढे जात नाही.

पण नुसतं ‘आईवडील धरलेले’ यावर विश्वास ठेवू नका. खराडीच्या एचआरकडून पॉलिसीचा लाभतक्ता मागा आणि तीन ठिकाणी बघा. आईवडिलांच्या क्लेममध्ये तुमचा वाटा किती, म्हणजे को-पे आहे का; १० किंवा २० टक्के सर्रास असतो. खोलीभाड्याची मर्यादा किती. विमा रकमेच्या १ टक्का असेल तर ५ लाखांवर दिवसाला ५ हजार, आणि तुम्ही ८ हजारांची खोली घेतलीत तर फक्त खोलीचाच फरक नाही, डॉक्टरांच्या आणि शस्त्रक्रियेच्या बिलातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. तिसरं, आईवडिलांचा हप्ता कंपनी भरते की तुमच्या पगारातून कापते. पगारातून कापत असतील तर वरच्या ४० हजारांतून तो वजा करा. आणि हे लक्षात असू द्या की गट विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून मी खराडीत गेले असते तरी वडिलांसाठी लहानशी का होईना स्वतंत्र पॉलिसी आत्ताच सुरू करून तिचा प्रतीक्षाकाळ मागे टाकला असता.

पगारवाढीचंही एक आहे. वाढीचा टक्का बऱ्याच ठिकाणी फिक्स्डवर लागतो. ८ टक्के वाढ १३.३० वर १ लाख ६ हजार होते, १५.५३ वर १ लाख २४ हजार, आणि पुढच्या वर्षीची वाढ या वाढलेल्या रकमेवर. पुढे नोकरी बदलताना समोरचा एचआर पेस्लिप मागतो, तिथेही फिक्स्डच दिसतो. घर घ्यायचा विचार असेल तर बँकही कर्जाची पात्रता ठरवताना फिक्स्डला पूर्ण वजन देते. व्हेरिएबलचा दोन वर्षांचा पुरावा मागते आणि तरी त्यातला काही भागच धरते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात आणि त्यांत ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे: घरभाडं वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे काही कंपन्या पगाराची फोड नव्याने करतायत. दोन्हीकडे विचारा, की लेटरमधली फोड नव्या व्याख्येप्रमाणे आहे की रुजू झाल्यावर बदलणार. बदलणार असेल तर वर काढलेला हातातला पगार थोडा हलेल.

आता हिंजवडीला काय विचारायचं ते. फोनवर नको, ईमेलवर विचारा. असं काहीतरी लिहा: ‘माझ्या ग्रेडसाठी मागच्या तीन वर्षांत व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिलं गेलं? जानेवारीत रुजू होणारा या मार्चच्या सायकलमध्ये बसतो का? पैसे कोणत्या महिन्यात येतात, आणि नोटीसवर असलेल्याला मिळतात का? धोरणाची प्रत मिळेल का?’ धोरण गोपनीय आहे म्हणून प्रत दिली नाही तरी पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर द्यायला कुणाची हरकत नसते. ‘आमच्याकडे सहसा पूर्ण मिळतं’ एवढंच तोंडी उत्तर आलं तर मी ६० टक्के धरून हिशोब करते. शिवाय त्याच कंपनीत, तुमच्याच ग्रेडवर काम करणाऱ्या कुणाला गाठून जुलैची पेस्लिप काय म्हणाली ते विचारा. एचआरच्या सरासरीत वरच्या रेटिंगची माणसंही मिसळलेली असतात.

आणि मग वाटाघाट. इथे बहुतेक जण ‘सीटीसी वाढवा’ म्हणतात आणि कंपनी आनंदाने व्हेरिएबल वाढवून देते. तुम्ही १८ लाखांवर हात लावू नका. आतली फोड बदलून मागा: साडेतीन लाखांतले दीड लाख फिक्स्डमध्ये टाका. कंपनीचा एकूण खर्च फारसा बदलत नाही, त्यामुळे रिक्रूटरला वर मंजुरी मागणं सोपं जातं. ग्रेडच्या नियमामुळे टक्केवारी बदलत नाही असं सांगितलं तर दुसरी मागणी ठेवा: पहिल्या पूर्ण वर्षाचं व्हेरिएबल हमीचं, शंभर टक्के, लेटरमध्ये लिहून. हे कंपन्या देतात. भरतीची घाई असली की अधिकच. आईवडिलांना विम्यात जोडायची सोय स्वतःच्या खर्चाने का होईना आहे का, तेही विचारा. गट विम्यात स्वखर्चाने जोडणंसुद्धा बाहेरच्या पॉलिसीपेक्षा तुमच्या वडिलांसाठी जास्त उपयोगाचं ठरू शकतं.

दीड लाख फिक्स्डमध्ये आले आणि आईवडील विम्यात बसले, तर हिंजवडी घ्या. फक्त हमी मिळाली आणि विमा नाही, तर दोन्ही जवळजवळ सारख्या आहेत, मग काम कुठलं आवडतं आणि तुम्ही राहता कुठे यावर ठरवा. खराडीत राहून रोज हिंजवडी गाठणं काय असतं ते पुण्यात तुम्हाला मी सांगायला नको. यातलं काहीच लेखी आलं नाही, तर खराडीच्या लेटरवर सही करा, आणि तीही लाभतक्ता वाचून झाल्यावरच.